मदत हवी आहे: बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन, लोकल की पूर्ण भूल?

सायली_सातारा
बाबा ६८ वर्षांचे, वजन ६० किलो, दम्याचा जुना त्रास. उजव्या जांघेत हर्निया आहे, लहान आहे, आडवं झालं की आत जातो. सर्जन म्हणतात, लोकलमध्ये जाळी बसवू. बाबा हादरलेत. "मी टक्क जागा आणि हे कापणार?" लोकलमध्ये नेमकं काय जाणवतं? आणि पूर्ण भुलीत मध्येच जाग येते म्हणतात, ते खरं का?

बंड्या_पाटील
काही घाबरू नका. लोकलमध्ये तो भाग दगड होतो, हात लावलेलाही कळत नाही. पूर्ण भूल म्हणजे गाढ झोप, बास. माझी दाढ काढली तेव्हा मला काही कळलं नाही.

मेघना_क
मला सिझरला लोकलच दिली होती, कमरेत सुई टोचून. दुखलं नाही, पण पाय हलेनात आणि बाळ काढताना आतून कोणीतरी गाठोडं ओढतंय असं वाटत होतं. बाबांनाही पाय हलवता येणार नाहीत, आधीच सांगून ठेवा.

भूलवाला
मेघनाताई, तुमची स्पायनल होती. तिच्यात कमरेखालच्या सगळ्याच नसा बंद होतात, म्हणून पाय गेले. सायलीच्या बाबांना जांघेतच औषध टोचणार आहेत, पाय बहुधा हलतील. मांडीत थोडा काळ जडपणा येऊ शकतो, एवढंच.

बंड्याभाऊ, दगड होत नाही. लोकलचं औषध लिग्नोकेन नसेतून जाणारा संदेश अडवतं, पण सगळे धागे सारखे बंद होत नाहीत. दुखणं नेणारे बारीक धागे लवकर बंद होतात, दाब आणि ओढ नेणारे जाड धागे बऱ्याचदा चालू राहतात. सुरी टोचत नाही, पण डॉक्टर दाबतायत, ओढतायत हे कळतं. हे आधी सांगितलं नाही की पेशंटला वाटतं भूल चढलीच नाही. बाबांनी एवढंच ओळखायचं: दाबल्यासारखं वाटलं तर चालेल, टोचलं, जळजळलं तर लगेच बोलायचं. हर्नियाची पिशवी ओढताना पोटात खोल कळ येऊ शकते, तेव्हा पिशवीच्या मानेजवळ अजून थोडं औषध सोडतात.

औषध मनाला येईल तेवढं देता येत नाही. ॲड्रेनॅलिन मिसळलेलं लिग्नोकेन किलोला ७ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. ६० किलोला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं औषध ४२ मिली. ते पातळ करून जास्त जागेत पसरवतात. रक्तात जास्त गेलं तर आधी ओठ झिणझिणतात, तोंडात लोखंडासारखी चव येते, कानात घुमतं. बाबा जागे असल्यामुळे हे स्वतःच सांगू शकतील. लोकलची हीच गंमत आहे.

सायली_सातारा
आणि पूर्ण भुलीत?

भूलवाला
झोप म्हणणं सोयीचं, पण झोपलेल्याला चिमटा काढला की तो उठतो. पूर्ण भुलीत जांघेच्या नसा चालूच असतात, संदेश मेंदूपर्यंत जातो, तिथे त्याची जाणीव बनत नाही. शरीर मात्र प्रतिसाद देतं. कापताक्षणी नाडी आणि बीपी चढतं, म्हणून वेगळं वेदनाशामक द्यावंच लागतं.

जाग येण्याचं म्हणाल, तर ब्रिटनच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत साधारण १९,००० पूर्ण भुलींत एकाने तशी तक्रार केली होती. त्यातही स्नायू ढिले करणारं औषध दिलं असेल तर धोका जास्त, कारण जाग आली तरी हलून सांगता येत नाही.

उगाच_शंका
मग आठवत नाही म्हणजे जाणवलं नाही, हे कशावरून?

भूलवाला
प्रश्न बरोबर आहे आणि तो सुटलेला नाही. हातावर पट्टा बांधून स्नायूंचं औषध तिथे पोचू दिलं नाही, तर भुलीत असलेले काही पेशंट "हात दाबा" म्हटल्यावर दाबतात. नंतर विचारलं तर त्यांना सहसा काहीच आठवत नाही. त्या क्षणी त्यांना दुखत होतं का, हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही.

बंड्या_पाटील
हे वाचून आता मलाच झोप येणार नाही.

सायली_सातारा
बाबांना वाचून दाखवलं. ओढ कळणार म्हटल्यावर तोंड पाडलं. आई म्हणते, थोडं गुंगीचं औषध द्या म्हणून सांग. चालेल का?

भूलवाला
देता येतं, हलकं. पण जास्त गुंगी आली की श्वास मंदावतो, आणि दम्यामुळेच तर पूर्ण भूल टाळताय. शिवाय शेवटी जाळी नीट बसली का हे पाहायला सर्जन खोकायला लावतात, त्यासाठी शुद्ध हवी. किती द्यायचं ते तिथला भूलतज्ज्ञ बाबांची छाती तपासूनच ठरवेल. इन्हेलर त्या सकाळी घ्यायचा का, हेही विचारून ठेवा.

सायली_सातारा
खोकायचं सांगितल्यावर पहिल्यांदा हसले. "ते मला जमतं" म्हणाले. गुंगीवरून मात्र घरात अजून वाद चालू आहे.