मेल तीन ओळींचा की पानभराचा?

काट्याजवळची:
कारंजा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस मी सांभाळते. सोयाबीन घेणाऱ्या प्लांटशी सगळा व्यवहार मेलवर. आमचे अध्यक्ष म्हणतात, तीन ओळींच्या वर लिहायचंच नाही, कोणी वाचत नाही. संचालकांपैकी एक काका म्हणतात, मेल म्हणजे पत्रच, मायना-विषय-संदर्भ सगळं हवं. परवा गाडी पक्की केल्याचा मेल मी काकांच्या पद्धतीनं सव्वा पान लिहिला. प्लांटमधून फोन आला, "ताई, गाडी येतेय का नाही, तेवढं सांगा." आता त्याच गाडीच्या वजावटीचा वाद लिहायचा आहे. तोही तीन ओळींतच बसवू का?

निवृत्त अव्वल कारकून:
तुमचे काका बरोबर आहेत. तीस वर्षं तहसीलमध्ये टपाल हाताळलं. पत्र आज ज्याच्या नावानं जातं, त्याच्याच हाती वर्षभरानं असेल असं नसतं. साहेब बदलतो, टेबल बदलतं, कागद राहतो. नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं त्यातच सापडलं पाहिजे. फोनवर हो-नाही विचारलं म्हणून पत्र चुकीचं होत नाही, वाचणारा आळशी निघाला एवढंच.

गेटवरून:
काका, तो आळशी मीच. म्हणजे तुमच्या ताईंच्या प्लांटवर नाही, दुसरीकडे, पण काम तेच. सीझनला गेटवर गाड्यांची रांग, एका हातात सॅम्पलची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर मेलचा विषय आणि वरच्या दोन ओळी दिसतात. तिथं "आपल्या कृपाशीर्वादाने आमची कंपनी प्रगतिपथावर" असेल तर मी पुढच्या मेलवर जातो. तीन ओळी लिहा. आणि वाद असेल तर मेल करूच नका, फोन करा. पाच मिनिटांत मिटतो.

पऱ्हाटी:
फोनवर मिटते म्हने! भाऊ, मायासंग काय झालं ते आयका. व्यापाऱ्यानं मेल केला, "60 रिकामे पोते पाठवू का 90? आन मालाचे पैसे आठ दिवसात चालतीन का?" म्या शेतात होतो, लिवलं "हो". बस, एक शब्द. त्यानं 90 धाडले अन् पैसे आठ दिवसानं. मले पायजे होते 60 अन् नगदी. भांडाले गेलो तं म्हनते, "तुमीच हो म्हनलं." आता सांगा, लहान मेलानं कोनाचं भलं झालं?

गेटवरून:
हा मेल लहान नव्हता, अर्धा होता. दोन प्रश्नांना एक हो.

जिनिंगची हिशेबवाली:
हिंगणघाटला जिनिंगच्या ऑफिसात वीस वर्षं झाली, दोन्ही बाजूंचे मेल वाचते. ओळी मोजण्यात अर्थ नाही. मेल वाचून समोरच्याला उलट काय विचारावं लागेल, ते पाहायचं. गाडी पक्की करताना त्याला काय काय लागतं? कोणती तारीख, किती माल, कोणत्या भावानं, गाडी कोणाची. ही चार उत्तरं आली की मेल संपला:

"गुरुवार, 14 नोव्हेंबरला सकाळी 11 पर्यंत गाडी पोचेल. सोयाबीन 200 कट्टे, 100 क्विंटल. भाव ठरल्याप्रमाणे 4,350. गाडी आमची, ड्रायव्हरचा नंबर खाली देते आहे."

विषयातही "गाडी" एवढंच लिहू नका. "सोयाबीन 200 कट्टे, 14 नोव्हेंबर, पक्कं" असं लिहा, म्हणजे गेटवरच्या भावाला मेल उघडावाही लागणार नाही. आणि "उद्या" हा शब्द मेलमध्ये कधीच नको. तुम्ही रात्री साडेनऊला "उद्या गाडी लावते" लिहिता, तो सकाळी आठला वाचतो, त्याचा उद्या वेगळा असतो. आमच्याकडे यापायी कापसाची एक गाडी आख्खी रात्र रस्त्यावर उभी राहिली होती.

काट्याजवळची:
हे पटलं. माझ्या सव्वा पानात तारीख शेवटून दुसऱ्या ओळीत होती. पण वजावटीचं काय? प्रकार असा. सौद्याच्या मेलमध्ये लिहिलंय, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर दर एक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो वजावट, आणि एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर त्या प्रमाणात. प्लांटच्या मीटरवर 13.2 आला. त्यांनी क्विंटलला दोन किलो कापले. आमच्या मीटरवर गाडी भरताना 11.4 होता. मेलची सुरुवात मी केलीय ती पावसानं कापणी कशी लांबली, रात्री ताडपत्री कशी टाकली इथून.

जिनिंगची हिशेबवाली:
ताडपत्रीवरच दीड परिच्छेद गेला असेल, खरं ना? वाद दोन आहेत. एक, ओलावा 13.2 होता की 11.4. दुसरा, 13.2 धरला तरी वजावट किती. पहिल्याला पुरावा लागतो. दुसऱ्याला फक्त गुणाकार लागतो, आणि तोही त्यांच्याच आकड्यांचा. मी दुसराच लिहीन:

"14 नोव्हेंबरच्या गाडीच्या बिलात ओलाव्यापोटी 8,700 रुपये वजा झाले आहेत. सौद्याप्रमाणे 5,220 व्हायला हवेत. फरक 3,480 रुपये पुढच्या बिलात जमा करावा, किंवा वजावट कशी काढली ते कळवावं.

आपल्या मीटरवर ओलावा 13.2 आला, तो आम्हाला मान्य आहे. 12 च्या वर 1.2 टक्के, म्हणून क्विंटलला 1.2 किलो. 100 क्विंटलला 120 किलो, भाव 4,350, म्हणजे 5,220 रुपये. बिलात 2 किलो धरले आहेत. एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर त्या प्रमाणात, असं सौद्यात ठरलं आहे. तो मेल, काटापावती आणि बिल सोबत आहे."

सात-आठ ओळी झाल्या, आणि मला यातली एकही काढता येत नाही. पहिला परिच्छेद गेटवरच्या माणसाला पुरतो. दुसरा त्यांच्या अकाउंटंटसाठी आहे, जो 3,480 आला कुठून हे स्वतः मांडून पाहणार. जादा शब्द घालायचेच तर ते त्याच आकड्यापाशी घालायचे, जिथं तो पेन ठेवून थांबणार आहे. पाऊस त्याच्या हिशेबात कुठंच बसत नाही.

निवृत्त अव्वल कारकून:
आणि 11.4? तो सोडून दिला? स्वतःच्या मीटरचा आकडा लिहायचाच नाही म्हणजे आपणच कबुली दिल्यासारखं. मी असतो तर दोन्ही मुद्दे घेतले असते. जास्तीचं मागावं, मग थोडं तरी पदरात पडतं.

गेटवरून:
काका, इथंच गाडी अडते. एका मेलमध्ये एक सरळ मागणी आणि एक वादाची असली की आम्ही वादाचीच धरतो, कारण तिला "तपासून कळवतो" म्हणता येतं. सरळ मागणीही तिच्याबरोबर खड्ड्यात जाते. आणि 11.4 चा मेल लिहायचाच तर लांबच लिहावा लागेल. सॅम्पल किती कट्ट्यांतून काढलं? वरवरचे कट्टे पाहिले की खालचेही? संध्याकाळी मोजलं आणि गाडी रात्रभर दवात उभी राहिली का? मीटर शेवटचं कधी तपासून घेतलं? हे न लिहिता नुसतं "आमच्या मीटरवर 11.4" म्हणाल तर माझं उत्तर एका ओळीचं असेल, "आमच्या मीटरवर 13.2."

जिनिंगची हिशेबवाली:
बघा, तीन ओळींवालेही लांब मेल मागायला लागले.

गेटवरून:
मी मागतो आहे, वाचेनच असं नाही म्हटलं.

संत्रा_वरुड:
माझाही मेल जात नाही हो. पावतीचा व्हिडिओ जोडला, मेल अडकून पडतो. लांबीचं काही बंधन आहे का? किती मिनिटांपर्यंत चालतं?

जिनिंगची हिशेबवाली:
दादा, इथं शब्दांची लांबी चालू आहे. तुमचा व्हिडिओ जड आहे. जीमेलवर जोडपत्रं मिळून 25 एमबीच्या वर जात नाहीत. पावतीला व्हिडिओ कशाला, फोटो काढा. आकडे वाचता येतील असा.

निवृत्त अव्वल कारकून:
फोटोवरून एक सांगतो. हिशेब फोटोत आणि मेलमध्ये "सोबत पाहावे" एवढंच, असं करू नका. फोटो उघडला नाही तर काय राहतं? आकडे मेलमध्ये लिहावेत, फोटो त्यांना साक्षीदार म्हणून. आणि मायना मी सोडणार नाही. "महोदय" एक शब्द आहे, त्यानं कोणाचा वेळ जातो?

जिनिंगची हिशेबवाली:
फोटोचं शंभर टक्के खरं. "महोदय" राहू द्या, तो एका ओळीत मावतो. अडचण त्याच्या मागून येणाऱ्या "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक कळविण्यात येते की" ची आहे. मोबाईलवर दिसणारी जागा तेवढ्यातच संपते. शिवाय तुम्ही म्हणता तसं वर्षभरानं नव्या माणसाच्या हाती कागद पडला तरी त्याला लागणार 14 नोव्हेंबर आणि 3,480 हेच.

पऱ्हाटी:
मंग फोनवाल्यानं काय करायचं? आमच्याकडं अर्धे व्यापारी मेल पाहतच नाई.

गेटवरून:
फोन करा, आणि मग दोन ओळींचा मेल टाका, "आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे 60 पोती, पैसे रोख." फोनचं मी आधी म्हणालो ते थोडं मागे घेतो. बोलणं मिटवायला बरं, पण बिल करणारा माणूस फोनवर नसतो.

पऱ्हाटी:
आता सांगतेत. ते 30 पोते माये घरात पडून हायेत.

काट्याजवळची:
हिशेबवाली ताईंचा मजकूर जवळजवळ तसाच पाठवला. वर "महोदय" ठेवलं, काकांसाठी. 11.4 चा मुद्दा काढून टाकला. अध्यक्षांनी वाचून विचारलं, "एवढा लांब?" आणि काकांनी विचारलं, "एवढाच?" सॅम्पलचं विचारलंत म्हणून वहीत पाहिलं. आम्ही वरच्या पाचच कट्ट्यांतून काढलं होतं, तेही दुपारी. त्यामुळे तो दुसरा मेल मी लिहीन असं वाटत नाही. प्लांटचं उत्तर तासाभरात आलं, "पाहून कळवतो."

निवृत्त अव्वल कारकून:
कधीपर्यंत कळवावं, ते लिहिलंत का?

काट्याजवळची:
नाही काका. ती ओळ राहिलीच.

निवृत्त अव्वल कारकून:
तिला आमच्याकडे मुदत म्हणत. आणखी चार शब्द लागले असते. आता सोमवारी स्मरणपत्र टाका, त्याच मेलला उत्तर म्हणून, नवीन मेल करू नका. आणि त्यात तारीख घाला.