टेपने मोजून सबला डिले दिला आणि बासच गेला – मदत हवी आहे

खानापूर_साउंड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या आसपासच्या गावांत यात्रा, गणेशोत्सव व नाटकांसाठी आम्ही साउंड लावतो. गेल्या काही कार्यक्रमांपासून एक गोष्ट मला उलगडत नाही, म्हणून सगळी मांडणी लिहून मदत मागत आहे.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक अ‍ॅक्टिव्ह टॉप स्टँडवर असतो आणि त्याच्या मागच्या पॅनेलवर १०० हर्ट्झचा हाय-पास चालू असतो. अठरा इंची अ‍ॅक्टिव्ह सब स्टेजखाली जमिनीवर, टॉपच्या पुढे येतात. मिक्सरच्या जागेवरून टेपने मोजले तेव्हा टॉपपेक्षा सब दीड मीटर जवळ निघाले. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशेबाने दीड मीटरला ४.४ मिलिसेकंद लागतात. सबचा आवाज तेवढा आधी पोहोचतो असे धरून मी सबच्या आउटपुटला ४.४ मिलिसेकंदांचा डिले दिला, आणि किक व ढोलकीच्या डग्ग्याचा भरीव भागच गायब झाला.

मग मिक्सरमधून १०० हर्ट्झचा टोन सोडून मिक्सरच्या जागी फोनवरच्या मीटरने मोजले. टॉप एकटे ८४ डेसिबल दाखवतात आणि सब एकटे ८४. डिले न देता दोन्ही एकत्र लावले की ९० येतात. डिले दिला की ७२ वर घसरतात. डिले तसाच ठेवून सबची पोलॅरिटी उलटी केली की पुन्हा ९० येतात. म्हणजे पहिली आणि तिसरी स्थिती मीटरला सारखीच आहे, पण कानाला नाही: तिसऱ्या स्थितीत किकचा ठोका आणि त्याचे वजन एका वेळी पडत नाही, वजन मागून येते. अंतराचा हिशेब बरोबर असताना डिले दिल्यावर बास का जावा, हा माझा प्रश्न आहे.

निपाणी_ऑर्केस्ट्रा

हिशेब बरोबर आहे, फक्त हवेचे तापमान धरलेले नाही. उन्हाळ्यात आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे डिले कमी करावा लागतो. शिवाय पोलॅरिटी उलटी केल्यावर ९० येत असतील तर सबच्या केबलमध्ये कुठेतरी दोन आणि तीन नंबरची पिन अदलाबदल झालेली असणार. केबल तपासा, नाहीतर मिक्सरवर पोलॅरिटी उलटीच ठेवून मोकळे व्हा. आम्ही ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक कार्यक्रमाला दोन्ही पोलॅरिटी वाजवून बघतो आणि जी जास्त जोरात वाटते ती ठेवतो.

खानापूर_साउंड

केबल मीटरने तपासल्या, पिन सरळ आहेत. दोन्ही बाजूंचे सब एकमेकांविरुद्धही नाहीत, कारण एकाबरोबर दुसरा चालू केला की आवाज वाढतो.

जुना_मिक्सरवाला, बेळगाव

तापमान इथे बाजूला ठेवावे. वीस अंशांवरून पस्तीस अंशांवर गेले तरी दीड मीटरच्या अंतरात फरक मिलिसेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकाच पडतो. तापमान महत्त्वाचे ठरते ते मैदानात खूप मागे लावलेल्या बॉक्ससाठी.

तुमचे आकडे मात्र फार बोलके आहेत. फोनचा माइक खालचा आवाज कमी दाखवतो, पण तुम्ही सगळी तुलना एकाच टोनवर केली असल्यामुळे ती विश्वासार्ह आहे. सारख्या पातळीचे दोन आवाज पूर्ण एका फेजमध्ये आले तर सहा डेसिबल वाढतात. तुम्हाला डिले न देताच ८४ चे ९० मिळाले, म्हणजे १०० हर्ट्झवर सब आणि टॉप आधीपासूनच जवळजवळ जुळलेले होते. सब दीड मीटर पुढे असूनही जुळलेले होते, याचा अर्थ दुसरी कोणतीतरी गोष्ट सबला तेवढेच मागे ओढत होती. १०० हर्ट्झच्या एका पूर्ण लाटेला १० मिलिसेकंद लागतात. तुम्ही ४.४ मिलिसेकंद घातले, म्हणजे जवळजवळ अर्धी लाट सरकवली, आणि जुळलेले दोन आवाज एकमेकांसमोर उभे राहिले. डिले बरोबर मोजला होता, पण तो ज्या मांडणीला दिला तिच्यात आधीच एक न दिसणारा डिले बसलेला होता.

तो कुठून आला हे शोधण्यासाठी एक गोष्ट सांगा. सबचा लो-पास नेमका कुठे लावला आहे? सबच्या मागच्या नॉबवर, मिक्सरच्या आउटपुटवर, की दोन्हीकडे?

खानापूर_साउंड

दोन्हीकडे आहे. सबच्या मागे १०० वर आहे, आणि मिक्सरमधील सबच्या आउटपुटवरही १०० हर्ट्झ, २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली आहे. मिक्सरची फाइल आधीच्या ऑपरेटरने बनवलेली असून ती तशीच चालत आली आहे.

यात्रा_कमिटी_येळ्ळूर

आमच्याकडेही हाच त्रास आहे. मागच्या खांबांवर लावलेल्या बॉक्समधून आवाज आधी येतो आणि स्टेजचा नंतर, त्यामुळे कीर्तनकारांचे शब्द दोनदा ऐकू येतात. त्यालाही सबचा हा डिले चालेल का?

जुना_मिक्सरवाला, बेळगाव

येळ्ळूरकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. मागच्या बॉक्सला स्टेजपासूनच्या अंतराएवढा डिले लागतो आणि तो बराच मोठा असतो. त्यासाठी कृपया वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की उत्तर देईन.

खानापूरकर, कारण सापडले. प्रत्येक फिल्टर आवाज कापताना त्याला थोडे मागेही ढकलतो. २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली लो-पास १०० हर्ट्झवर १८० अंश, म्हणजे अर्धी लाट मागे नेतो. टॉपचा हाय-पास त्याच जातीचा असेल तर सबला एक लो-पास असताना दोघे आपोआप जुळतात, कारण ती जोडी त्यासाठीच रचलेली आहे. तुमच्या सबला मात्र तोच फिल्टर दोनदा लागला आहे. दुसऱ्या फिल्टरने १०० हर्ट्झवर अर्धी लाट आणि त्याखालच्या आवाजावर साधारण साडेचार मिलिसेकंदांचा उशीर वाढवला, आणि दीड मीटर पुढे ठेवल्यामुळे मिळालेली आघाडी त्याने खाऊन टाकली. हा निव्वळ योगायोग होता. पुढच्या गावात जागेअभावी सब बरोबर टॉपच्या खाली ठेवावे लागले असते, तर डिले न देताही हाच खड्डा पडला असता.

डिले देऊन पोलॅरिटी उलटी करण्याच्या तुमच्या तिसऱ्या स्थितीबद्दलही लिहितो, कारण निपाणीकरांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. १०० हर्ट्झच्या आसपास ती बेरीज खरोखर होते आणि मीटर खोटे बोलत नाही. पण पोलॅरिटी उलटी केल्याने उशीर भरून निघत नाही. लाटेचे टोक वर-खाली होते, वेळ तीच राहते. सबचा खालचा आवाज अजूनही साडेचार मिलिसेकंद मागेच असतो आणि किकचा पहिला धक्का टॉपमधून पुढे, तर सबमधून उलट्या दिशेने येतो. एका टोनवर हे दिसत नाही, कारण चालू असलेल्या टोनला सुरुवात नसते, किकला असते. तुमच्या कानाने ते पकडले.

आणखी एक तपासा. दुसऱ्या फिल्टरमुळे १०० हर्ट्झवर सब सहा डेसिबलनी जास्त कापला गेला असणार. तरीही टॉप आणि सब दोन्ही ८४ दाखवतात, म्हणजे सबची पातळी तेवढी वर चढवून ठेवलेली आहे. त्यामुळे ५०-६० हर्ट्झचा भाग गरजेपेक्षा जास्त घुमत असला पाहिजे.

आता करायचे ते असे. एक लो-पास काढा. मी मिक्सरमधला ठेवून सबचा नॉब बायपासवर नेईन, कारण टेम्पोत चढवता-उतरवताना नॉब फिरतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, तर मिक्सरमधली फाइल तशीच राहते. सबची पातळी सहा डेसिबल खाली घ्या, पोलॅरिटी सरळ करा आणि तुमचा ४.४ मिलिसेकंदांचा डिले परत द्या.

त्यानंतर बारीक जुळणी उलट्या बाजूने करावी, कारण कानाला वाढलेला आवाज नेमका कुठे सर्वांत जास्त आहे ते कळत नाही, पण पडलेला खड्डा लगेच कळतो. टोन आणि माइक जागचा न हलवता सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा आणि डिले थोडा थोडा फिरवत आवाज सर्वांत कमी होतो ती जागा पकडा. तिथे पोलॅरिटी सरळ केली की जुळणी झाली. फक्त एक सापळा आहे: दहा मिलिसेकंद पुढेही तसाच खड्डा मिळतो आणि तो खोटा असतो. ओळखण्यासाठी त्याच डिलेवर ८० आणि १२५ हर्ट्झचे टोन वाजवा. खऱ्या जागी तिन्ही टोन पडतात, खोट्या जागी फक्त १०० चा.

खानापूर_साउंड

आज गोदामाबाहेरच्या पटांगणात मांडणी करून सगळे केले. मिक्सरमधला लो-पास ठेवला, पातळी उतरवली आणि ४.४ मिलिसेकंद दिले, तेव्हा सरळ पोलॅरिटीत ८९ आले. उलटी करून खड्डा शोधला तर तो ४.९ वर सर्वांत खोल मिळाला. तिथे ८० हर्ट्झही चांगला पडला, १२५ थोडाच पडला. पोलॅरिटी सरळ करून ढोलकी वाजवली तेव्हा थाप आणि डग्गा एकाच क्षणी बसले आणि मागचा घुमाराही गेला. तुमचे मनापासून आभार. टेपच्या आकड्यापेक्षा हा अर्धा मिलिसेकंद जास्त का लागला आणि १२५ पूर्ण का पडला नाही, हे मात्र समजले नाही.

जुना_मिक्सरवाला, बेळगाव

टॉपचा बॉक्स स्वतःही खालचा आवाज सोडत जातो आणि त्यामुळे त्याची फेज कागदावरच्या फिल्टरपेक्षा वेगळी असते. शिवाय टॉप आणि सबच्या आतील प्रोसेसिंगला लागणारा वेळ सारखा नसतो. म्हणून टेप सुरुवातीचा आकडा देते आणि शेवटचा आकडा मोजूनच मिळतो. १०० हर्ट्झवर अर्धा मिलिसेकंद म्हणजे अठरा अंश; तो ठेवा, पण त्याच्यासाठी जीव आटवू नका. १२५ वर नेमके काय होते ते फोनवरून कळणार नाही. मोजणीचा माइक आणि ओपन साउंड मीटरसारखा मोफत प्रोग्रॅम मिळाला तर दोन्हींच्या फेजच्या रेषा एकमेकींवर ठेवून बघा.

ही जुळणी तुमच्या माइकच्या जागेची आहे, हेही लक्षात असू द्या. पहिल्या रांगेत बसलेल्यांना सब खूपच जवळ पडतो आणि टॉप उंचावर असतो, त्यामुळे अंतरांतील फरक दीड मीटर राहत नाही, वाढतो. तिथे बेरीज थोडी कमी होईल. म्हणून माइक मांडवाच्या साधारण मध्यावर, दोन्ही बाजूंपैकी एकच बाजू चालू ठेवून लावावा.

निपाणी_ऑर्केस्ट्रा

माझ्याकडच्या सबलाही दोन्हीकडे लो-पास आहे, आत्ताच पाहिले. पण माझे टॉप एका बनावटीचे आणि सब दुसऱ्या, आणि टॉपच्या मागे नुसते सबचे चिन्ह आहे. हाय-पास १२ चा की २४ चा ते कुठे लिहिलेले नाही. १२ डेसिबलच्या जोडीला पोलॅरिटी उलटीच ठेवावी लागते असे मी शिकलो आहे.

जुना_मिक्सरवाला, बेळगाव

ते खरे आहे, पण टॉपचा हाय-पास आणि सबचा लो-पास दोन्ही १२ चे असतील तरच. बनावट वेगळी असेल तर उताराचा अंदाज बांधू नका. दोन्ही पोलॅरिटींत वरच्यासारखा खड्डा शोधा आणि ज्या जुळणीत ८०, १०० आणि १२५ तिन्ही टोन एकत्र पडतात आणि डिले टेपच्या आकड्याच्या जवळ राहतो, ती ठेवा.

खानापूर_साउंड

एक शेवटचा मुद्दा राहतो. मांडवाच्या मधल्या वाटेवर बास जोरात आणि दोन्ही कडांना, विशेषतः स्त्रिया बसतात त्या बाजूला, जागोजागी कमी येतो. हे डिले फिरवून सुटत नाही.

जुना_मिक्सरवाला, बेळगाव

नाही सुटणार. दोन बाजूंचे सब एकमेकांपासून लांब असले की मधल्या रेषेबाहेर त्यांच्या लाटा वेगवेगळ्या वेळी येतात. सगळे सब स्टेजसमोर मध्ये एकत्र ठेवले तर तो प्रश्न बराच कमी होतो, पण मग प्रत्येक टॉपपासूनचे अंतर बदलते आणि ही सगळी मोजणी पुन्हा करावी लागते.

यात्रा_कमिटी_येळ्ळूर

मध्ये सब ठेवू देणे आमच्यासारख्या कमिट्यांना जमत नाही. पाहुणे आणि पालखी तिथूनच वर येतात.

खानापूर_साउंड

आमच्या गावांतही तेच कारण सांगतात. पायऱ्या एका बाजूला घेता येतील का, हे पुढच्या कार्यक्रमाच्या मांडववाल्याशी बोलून बघतो आणि जमले तर त्या मांडणीतील आकडे इथेच लिहितो.