मदत हवी आहे: सिद्धतेत कॉन्ट्रापॉझिटिव्ह कधी आणि कॉन्ट्रडिक्शन कधी?

शून्यपूर्व

नमस्कार. पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित घेतलं आहे. सिद्धता लिहिताना मला एकच सवय लागली आहे: जे दाखवायचं ते खोटं मानायचं आणि कुठेतरी विसंगती येईपर्यंत चालत राहायचं. पण तपासून आलेल्या वहीत दोन ठिकाणी उलटसुलट शेरे आहेत आणि त्यांचा मेळ मला लागत नाही.

पहिलं उदाहरण. x + y > 10 असेल तर x > 5 किंवा y > 5. मी लिहिलं: समजा x + y > 10 आहे, तरीही x ≤ 5 आणि y ≤ 5. बेरीज केली की x + y ≤ 10. पण x + y > 10 दिलं आहे, म्हणून विसंगती. शेरा असा: "बरोबर, पण विसंगतीची गरज नव्हती."

दुसरं. n नैसर्गिक संख्या आहे. √n परिमेय असेल तर √n पूर्णांकच असतो. पहिला शेरा लक्षात ठेवून इथे कॉन्ट्रापॉझिटिव्ह घेतला: √n पूर्णांक नसेल तर तो अपरिमेय आहे. दोन ओळींनंतर पुढे जायला काही सापडेना, म्हणून शेवटी √n = p/q मानलंच. शेरा: "इथे सरळ विसंगतीच घ्यायची."

लिहायला बसण्याआधीच कोणती पद्धत बरी पडेल हे ओळखायचं कसं?

तर्ककर्कश

उगाच गोंधळ करून घेऊ नका. दोन्ही पद्धती एकच आहेत, आणि विसंगतीची कुठलीही सिद्धता कॉन्ट्रापॉझिटिव्हमध्ये लिहिता येते. पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल करा आणि सगळ्यांना नकार लावा. उदाहरणार्थ, "a शून्येतर परिमेय आणि b अपरिमेय असेल तर ab अपरिमेय" याचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह होईल "ab परिमेय असेल तर a शून्य किंवा अपरिमेय आणि b परिमेय". मी कायम असंच लिहितो. विसंगतीची सिद्धता वाचायलाही त्रासदायक असते.

अवयव

तर्ककर्कश, वाचायला त्रास होतो हे मान्य, पण तुमच्या उदाहरणात घोटाळा आहे. पक्षात दोन अटी "आणि"ने जोडल्या असतील तर त्यांच्या नकारात "किंवा" येतो. म्हणजे "a शून्य किंवा a अपरिमेय किंवा b परिमेय" एवढंच हाती लागतं. तिघांपैकी नेमकं काय दाखवायचं हे ते विधान सांगत नाही, म्हणून असा कॉन्ट्रापॉझिटिव्ह लिहिताना हात अडतो. यावर उपाय असा की सगळ्या अटी उलटवायच्या नाहीत. a शून्येतर परिमेय आहे हे आधीच पक्कं धरून ठेवा आणि फक्त उरलेला भाग उलटवा: ab परिमेय असेल तर b परिमेय. आता b = (ab)/a, दोन परिमेय संख्यांचा भागाकार. संपलं.

शून्यपूर्व, तुमच्या प्रश्नाकडे वळतो. पहिल्या सिद्धतेतली "समजा x + y > 10" ही ओळ पेन्सिलीने खोडा आणि पुन्हा वाचा. कुठली पायरी कोसळली? एकही नाही. x ≤ 5 आणि y ≤ 5 वरून x + y ≤ 10 आलं, त्यात त्या ओळीचा हात नव्हता. ती फक्त शेवटी टक्कर घडवायला आणली होती. अशा वेळी तुम्ही कॉन्ट्रापॉझिटिव्हच लिहिलेला असतो आणि विसंगती वरून चिकटवलेली असते. शेरा त्यासाठी आहे.

तिथे कॉन्ट्रापॉझिटिव्ह इतका सोपा का गेला तेही पाहा. साध्यात "किंवा" होता. त्याचा नकार घेतल्यावर "आणि" आला, म्हणजे एकदम दोन असमानता हाती आल्या.

दुसऱ्या उदाहरणात याच्या उलट घडतं. "√n पूर्णांक नाही" यातून फारसं काही मिळत नाही, आणि जिथे पोहोचायचं ते "अपरिमेय" हेही नकारार्थी. अपरिमेय म्हणजे कुठल्याच p/q च्या रूपात नाही. नाही-पासून नाही-पर्यंतच्या या प्रवासात धरायला समीकरणच नाही, म्हणून तुम्ही अडलात. विसंगतीत मात्र दोन्ही गोष्टी एकदम हाती असतात. √n = p/q अतिसंक्षिप्त रूपात, म्हणजे p² = nq². शिवाय √n पूर्णांक नाही, म्हणून q > 1, म्हणून q ला भागणारी एखादी मूळ संख्या r आहे. r ने q ला भाग जातो, म्हणून nq² ला जातो, म्हणून p² ला, आणि r मूळ असल्यामुळे p ला. मग p/q अतिसंक्षिप्त नव्हताच.

इथे p² = nq² खोडून बघा, मधली पायरी जाते. q > 1 खोडा, r च मिळत नाही. दोन्ही लागतात. आणि टक्कर कुठे झाली? ना पक्षाशी, ना साध्याशी. "अतिसंक्षिप्त" या तिसऱ्याच गोष्टीशी. खरी विसंगतीची सिद्धता मी बहुतेक वेळा यावरूनच ओळखतो.

कोजागिरी

माझाही अनुभव लिहिते. "2ⁿ − 1 मूळ असेल तर n मूळ" हे आम्हाला कॉन्ट्रापॉझिटिव्हने करायला सांगितलं होतं. पण n = 11 घेतलं तर 2047 = 23 × 89 येतं. 11 मूळ, तरी 2047 मूळ नाही. म्हणजे कॉन्ट्रापॉझिटिव्ह नेहमी चालत नाही असंच ना? म्हणून मी तेव्हापासून विसंगतीच वापरते.

अवयव

नाही, कोजागिरी. तुम्ही तपासला तो व्यत्यास: n मूळ असेल तर 2ⁿ − 1 मूळ. तो खोटा आहे, आणि 11 हे त्याचं पहिलं उदाहरण. कॉन्ट्रापॉझिटिव्ह असा आहे: n मूळ नसेल तर 2ⁿ − 1 मूळ नाही. त्याला 11 मुळीच लागू होत नाही.

तुमचं उदाहरण कॉन्ट्रापॉझिटिव्हसाठी फार चांगलं आहे, कारण "मूळ नाही" या नकारातून वस्तू मिळते: n = ab, दोन्ही 1 पेक्षा मोठे. मग 2ᵃ − 1 ने 2ⁿ − 1 ला भाग जातो. n = 15 घेऊन करून बघा. 15 = 3 × 5, आणि 2¹⁵ − 1 = 32767 = 7 × (1 + 8 + 64 + 512 + 4096) = 7 × 4681. सिद्धतेतल्या प्रत्येक ओळीत खरे आकडे भरता आले.

मला हा फरक सगळ्यात मोलाचा वाटतो. कॉन्ट्रापॉझिटिव्हमधली मधली प्रत्येक ओळ खऱ्या संख्यांबद्दल असते, ती तपासता येते. विसंगतीत आपण अशा जगात असतो जे अस्तित्वातच नाही, तिथे तपासायला संख्या कुठून आणणार? शिवाय कुठलीही विसंगती चालते म्हटल्यावर आपल्या हातून झालेल्या चुकीतून आलेली विसंगतीही खपून जाते.

एक खोटं विधान घ्या: n² ला 4 ने भाग जात असेल तर n ला 4 ने भाग जातो. विसंगतीने "सिद्ध" करू. समजा n² ला भाग जातो, n ला जात नाही. n = 4k + r, r हा 1, 2 किंवा 3. मग n² = 4(4k² + 2kr) + r². r हा 4 पेक्षा लहान म्हणून r² ला 4 ने भाग जात नाही. विसंगती! चूक शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे (r = 2), पण विसंगती आल्याच्या आनंदात ती निसटते. तेच कॉन्ट्रापॉझिटिव्हने लिहा: n ला 4 ने भाग जात नाही, तर n² ला जात नाही. n = 6 टाकून बघावंसं वाटतंच, आणि 36 समोर येतो.

कोजागिरी

अच्छा, व्यत्यास आणि हे मी एकच समजत होते. पण n = 1 चं काय? 1 मूळही नाही आणि त्याचे असे अवयवही पडत नाहीत.

अवयव

बरोबर पकडलंत. मी तो सोडून दिला होता. n = 1 वेगळा बघावा लागतो: 2¹ − 1 = 1, तो मूळ नाही, विधान टिकतं. नकार लिहिताना असे कोपरे राहून जातात.

शून्यपूर्व

खोडून बघायची युक्ती वहीतल्या जुन्या सिद्धतांवर लावली. बऱ्याच ठिकाणी पक्ष शेवटपर्यंत वापरलेलाच नाही. एका ठिकाणी तर उलटंच निघालं, साध्याचा नकार कुठेच वापरला नव्हता. पक्षावरून सरळ साध्य आलं आणि मग "पण आपण तर उलट मानलं होतं" असं लिहिलं होतं. ती मग सरळ सिद्धताच ना?

उत्तरायण

हो, सरळच. पण मला √n बद्दल शंका आहे. तिथे विसंगती लागतेच का? अशा धन पूर्णांकांपैकी सगळ्यात लहान q घ्या की q√n पूर्णांक आहे. √n परिमेय असल्यामुळे असा q आहे. √n चा पूर्णांक भाग m. आता q' = q√n − mq हाही पूर्णांक, शून्य किंवा त्याहून मोठा, आणि √n − m हा 1 पेक्षा लहान असल्यामुळे q पेक्षा लहान. शिवाय q'√n = qn − m(q√n) हाही पूर्णांक. q सगळ्यात लहान होता, म्हणून q' शून्यच असला पाहिजे, म्हणजे √n = m. मूळ संख्या लागल्या नाहीत आणि साध्याचा नकारही लागला नाही.

तर्ककर्कश

म्हणजे "इथे विसंगतीच घ्यायची" हा शेराच चुकला. "किंवा"बद्दलची माझी चूक मान्य, पण विसंगती टाळता येते हे माझं म्हणणं उभं आहे.

अवयव

सिद्धता सुंदर आहे, आणि शेरा जरा जास्त ठाम होता हेही खरं. पण "q' शून्यच असला पाहिजे" या वाक्यात थांबा. का? कारण शून्य नसता तर q पेक्षा लहान धन पूर्णांक मिळाला असता, आणि q सगळ्यात लहान होता. ती टक्कर आतल्या एका ओळीत गेली आहे. तर्ककर्कश, √2 अपरिमेय आहे हे घ्या. तिथे पक्षच नाही, मग उलटवणार काय?

उत्तरायण

एका ओळीतली टक्कर आणि अख्खी सिद्धता विसंगतीवर उभी असणं यात मला फरक वाटतो. q' शून्य आहे की नाही हे थेट तपासता येतं. √2 साठीही वरचंच लावा: √2 परिमेय असता तर पूर्णांक असता, पण तो 1 आणि 2 च्या मध्ये आहे. हा कॉन्ट्रापॉझिटिव्हच झाला.

शून्यपूर्व

सर्वांचे आभार. n = 4 घेऊन उत्तरायण यांची सिद्धता आकड्यांत करून बघितली: q = 1, m = 2, q' = 0. n = 2 घेतला तर पहिला q च मिळत नाही. अवयव, तुमच्या r च्या सिद्धतेत n = 4 घातला तर q > 1 पाशीच अडतं. परीक्षेत यातली कुठली लिहावी हे अजून ठरलेलं नाही, सरांना दोन्ही दाखवून विचारते.