मदत हवी आहे: हॉलमध्ये ९०, मागच्या खोलीत ४, वायफायचं नक्की काय बिनसलंय?

मागची_खोली: नमस्कार मंडळी. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटात, त्याच्याशेजारी बसून मोबाईलवर मोजलं की ९० च्या वर येतं पण मागच्या बेडरूममध्ये ४, कधी ६, आणि माझं सगळं काम तिथेच बसून. मध्ये दोन विटांच्या भिंती आणि एका भिंतीला लागून लोखंडी कपाट आहे. मजा म्हणजे वायफायच्या दोन काड्या दिसतात तरी पान उघडत नाही. राउटर नवीन घेऊ का?

वेगवान: प्लॅन २०० चा करून टाका, विषय संपला.

तारेवरची_कसरत: वेगवान, अहो हॉलमध्ये ९० येतंय म्हणजे बाहेरून येणारी लाईन व्यवस्थित आहे, हरवतंय ते घरात. २०० केलं तर हॉलमध्ये १८० दिसेल आणि मागे तेच ४.

मागची_खोली, आधी एक करा. वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या आणि बेडरूममध्ये उभं राहून सिग्नल किती डीबीएम आहे ते दोन्ही बँडचं सांगा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आकडा उणे असतो, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभतो, उणे ८० च्या पुढे गेलं की नुसतं नावाला कनेक्शन. आणि राउटर कपाटात म्हणजे दारामागे का हो?

मागची_खोली: हो दारामागे, आणि टीव्हीच्या पाठीमागे 🙈 बेडरूममध्ये ५ वाला उणे ८३, २.४ वाला उणे ६८. पण मग २.४ वर जोडलं तरी ९ च्या वर का जात नाही?

दणकट: मोठ्या अँटेनावाला राउटर घ्या, सेटिंगमध्ये पॉवर हाय करा. भिंतीबिंती काही आडवं येत नाही.

तारेवरची_कसरत: अर्धं बरोबर. राउटर जोरात ओरडला तरी मोबाईलला उत्तर द्यावं लागतं ना, आणि त्याचा आवाज तेवढाच राहतो. मग काड्या भरपूर दिसतात आणि अपलोड रडतं.

५ वाल्याचं सरळ आहे, तो भिंतीत जास्त मरतो आणि वर टीव्ही न् लोखंडी कपाट. त्याला जागा बदलणं हाच इलाज. २.४ ची गोष्ट वेगळी, तिथे सिग्नल ठीक आहे पण गर्दी असणार. ॲपमध्ये आलेख बघा, तुमचा चॅनेल कितवा आणि शेजारचे कुठे?

मागची_खोली: माझा ४, रुंदी ४० दाखवतंय. शेजारचे बरेचसे १ आणि ६ वर, ११ वर एकच आणि तोही अगदी क्षीण.

तारेवरची_कसरत: सापडलं. राउटरच्या पानावर जा (पत्ता आणि पासवर्ड बहुतेक राउटरच्या तळाला चिकटवलेला असतो), २.४ च्या वायरलेस सेटिंगमध्ये `Channel Width` २० करा आणि `Channel` ऑटोवरून काढून ११. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल १, ६, ११ एवढेच. ४ वर बसलात की १ वाल्यांचाही गोंगाट आणि ६ वाल्यांचाही. त्यापेक्षा शेजाऱ्याच्याच चॅनेलवर बसणं परवडतं, तिथे निदान एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, अर्धवट घुसलेला चॅनेल मात्र नुसता खरखराट वाटतो. ४० ची रुंदी कागदावर दुप्पट वेग देते पण एवढ्या गर्दीत ती जवळजवळ अर्धी पट्टी खाते.

चहाची_वेळ: माझ्याकडे पण स्लो आहे, मी रिपीटर बेडरूममध्येच लावला, काड्या फुल पण वेग तोच. फसवणूक आहे सगळी.

तारेवरची_कसरत: चहाची_वेळ, रिपीटरला तिथे जो क्षीण सिग्नल पोचतोय तोच तो पुढे देणार ना. त्याला वाटेत लावा, सिग्नल अजून बरा आहे तिथे. तरी एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर बोलणारा असेल तर वेग साधारण निम्मा होतोच. तार ओढता आली तर सगळ्यात उत्तम.

मागची_खोली: आधी फक्त सेटिंग बदललं, २.४ वर ९ चे २६ झाले!! मग फायबरचा डबा होता तिथेच ठेवला (ती बारीक तार वाकवायची हिंमत नाही झाली) आणि त्यापासून राउटरपर्यंत १० मीटरची लॅन केबल टाकून राउटर पॅसेजच्या तोंडाशी, कपाटाबाहेर, खांद्याच्या उंचीला. बेडरूममध्ये ५ वाला उणे ७१, वेग ४१. हॉलमध्ये ९० चे ८० झाले, चालेल. एकच राहिलं, हॉलमधून बेडरूममध्ये आलो की मोबाईल ५ वर येतो पण लॅपटॉप २.४ वरच चिकटून बसतो.

दणकट: दोन्ही बँडला वेगळी नावं द्या, लॅपटॉपला ५ चंच सांगा.

तारेवरची_कसरत: हे चालेल. मी स्वतः एकच नाव ठेवतो, हाताने बदलायचा कंटाळा. पण लॅपटॉप जागचा हलत नसेल तर दणकट म्हणतात तेच बरं.

मागची_खोली: हलतो हो, स्वयंपाकघरात पण नेतो. बघतो आठवडाभर दोन नावांनी.