अंश-तासांवरून काढलेली मृत्यूची वेळ न्यायालयाने कितपत मानावी?

शिरीष (मूळ प्रश्न): अमेरिकेत सॅन दिएगोतील वेस्टरफील्ड खटल्यात, म्हणजे एका मुलीच्या खुनाच्या खटल्यात, २००२ साली एकाच मृतदेहावरील अळ्या पाहून एका कीटकतज्ज्ञाने माश्यांनी अंडी घातल्याचा काळ १६ ते १८ फेब्रुवारी असा सांगितला, तर दुसऱ्याने ९ ते १४ फेब्रुवारी असा. आरोपीवर त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच पोलिसांची पाळत होती, त्यामुळे बचाव पक्षाचा बराचसा भार या तारखांवरच होता. असे असताना अंश-तासांच्या हिशेबाला पुरावा का म्हणावे? मी फौजदारी वकिली करतो, म्हणून विचारतो.

निशिकांत: दोष हिशेबाचा नाही, तो करणाऱ्यांचा असावा. अळीचे वय घड्याळाच्या तासांवर ठरत नाही, तिला मिळालेल्या उष्णतेवर ठरते, एवढेच यात गृहीत धरलेले आहे. समजा, एका जातीची माशी १० अंशांच्या खाली वाढतच नाही आणि प्रयोगशाळेत २७ अंशांवर तिच्या अळीला तिसऱ्या अवस्थेत पोहोचायला ६० तास लागतात. हे १० अंश म्हणजे तळाचे तापमान; त्याच्या वर मिळालेले १७ अंश गुणिले ६० तास म्हणजे १०२० अंश-तास झाले. आता मृतदेह सापडल्या क्षणापासून मागे मोजत जाऊ. शेवटच्या २४ तासांचे सरासरी तापमान २२ अंश असेल तर २८८ मिळाले, त्याआधीच्या दिवशी २५ असेल तर ३६०, त्याही आधी २३ असेल तर ३१२. बेरीज ९६० होते. उरलेले ६० अंश-तास त्याच्या आदल्या २० अंशांच्या रात्री ६ तासांत भरतात, म्हणजे अळीचे वय ७८ तास. मी मुद्दाम तळाचे तापमान १० ऐवजी ८ धरून पुन्हा गणित केले, तेव्हा उत्तर ७५ तास आले. तीन तासांच्या फरकासाठी सगळी पद्धत टाकाऊ ठरवायची का?

माधवी: निशिकांत यांचे गणित बिनचूक आहे, पण उदाहरण त्यांना सोयीचे निघाले. मी न्यायवैद्यक विभागात काम करते आणि हाच युक्तिवाद मीही पूर्वी केलेला आहे. तुमचे घटनास्थळ प्रयोगशाळेच्या २७ अंशांच्या जवळपासच होते, म्हणून तळाच्या तापमानातली चूक दोन्ही बाजूंना सारखी पडली आणि बरीचशी खोडली गेली. आता तोच मृतदेह १५ अंशांच्या थंडीत पडून होता असे धरा. तळ १० असेल तर दर तासाला ५ अंश-तास मिळतात आणि १०२० भरायला २०४ तास लागतात. तळ ८ धरला तर प्रयोगशाळेचा आकडा ११४० होतो, दर तासाला ७ मिळतात आणि उत्तर १६३ तास येते. एकाच अळीचे वय एका हिशेबाने साडेआठ दिवस आणि दुसऱ्याने पावणेसात दिवस. शिवाय तळाच्या जवळ वाढीचा वेग सरळ रेषेत राहतच नाही, म्हणून तिथे हे सूत्र वापरणेच धोक्याचे असते.

मात्र शिरीषजींच्या खटल्यातला खरा पेच निराळा आहे. हे घड्याळ मृत्यूला सुरू होत नाही, अंडी घातली जातात तेव्हा सुरू होते. मूल २ फेब्रुवारीला बेपत्ता झाले होते आणि देह २७ तारखेला सापडला. मधल्या काळात माश्या उशिरा का आल्या असतील, याचे सरकारी पक्षाचे उत्तर असे होते की कोरड्या, उष्ण हवेने देह सुकला होता. या विलंबाचा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही. म्हणजे दोन्ही तज्ज्ञांच्या तारखा मानल्या तरी त्या मृत्यूच्या तारखा ठरत नाहीत. ज्युरीने शेवटी आरोपीला दोषी ठरवले.

शिरीष: तर मग तुम्ही माझेच म्हणणे मांडत आहात. ज्या आकड्याला 'किमान इतका काळ' एवढाच अर्थ आहे, त्याच्या आधारे बचाव पक्ष 'त्या आधी नाही' असे कसे म्हणू शकतो?

माधवी: तसे म्हणू नये, एवढेच माझे मत आहे. 'निदान इतके तास तरी झाले' हे विधान मात्र मी शपथेवर करीन, कारण आरोपीचे म्हणणे खोटे पाडायला अनेकदा तेवढेच पुरते.

कल्पना: माझा प्रश्न कदाचित विषयाबाहेरचा असेल. आमच्या गाईच्या शिंगाजवळच्या जखमेत ती जिवंत असतानाच अळ्या पडल्या होत्या आणि पशुवैद्याने त्या चिमट्याने काढल्या. मग अळ्या म्हणजे मृत्यूनंतरच, हे गृहीतच चुकीचे नाही का? की माणसाच्या बाबतीत असे होत नाही?

माधवी: कल्पनाताई, हा विषयाबाहेरचा प्रश्न नाही, आणि असे माणसाच्या बाबतीतही होते. अंथरुणाला खिळलेल्या, दुर्लक्षित वृद्धांच्या जखमांत अळ्या सापडतात. तेव्हा अळी मृत्यूपेक्षा वयाने मोठी ठरते आणि मघाशी मी जे 'किमान' म्हटले तेही कोसळते. म्हणून अळ्या देहाच्या कोणत्या भागावर होत्या, हे पंचनाम्यात लिहिलेले असणे आवश्यक आहे. साधारणपणे माश्या आधी डोळे, नाक, तोंड इथे अंडी घालतात. सर्वांत मोठ्या अळ्या केवळ जुन्या जखमेत किंवा जांघेच्या कुजलेल्या त्वचेत असतील, तर शंका घ्यायला हवी.

निशिकांत: थंडीचा मुद्दा मान्य, मी तो धरला नव्हता. पण जखमेसारखे अपवाद वगळले तर तापमान नीट मोजले की प्रश्न सुटतो, असे मला अजूनही वाटते. हवामान केंद्राचे तासागणिक आकडे मिळतातच.

माधवी: केंद्र विमानतळावर असते आणि मृतदेह ओढ्याच्या सावलीत. म्हणून घटनास्थळी काही दिवस तापमापक ठेवून त्याचे आकडे केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहतात आणि मगच मागचे दिवस दुरुस्त करतात. तेवढ्यानेही भागत नाही. शेकडो अळ्या एकत्र खाऊ लागल्या की त्यांच्या घोळक्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनी, कधी त्याहूनही अधिक वाढते. तिथे हवेच्या आकड्यावरून केलेला हिशेब अळीचे वय वाढवून सांगतो. लहान अवस्थेतल्या अळ्यांचा घोळका तापलेला नसतो, म्हणून त्यांच्यावरून केलेला हिशेब अधिक भरवशाचा असतो. घोळका तापल्यानंतरच्या तासांना कोणते तापमान लावावे, याबद्दल आमच्यातच एकमत नाही.

शिरीष: उलटतपासणीत मी नेमके काय विचारावे?

माधवी: आधी अळ्या कशा मारल्या ते विचारा. अळ्या गरम पाण्यात बुडवून मारल्या तर ताणलेल्या राहतात. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आकसते, लांबीवरून वय लहान ठरते आणि एका दिवसाचा फरक सहज पडू शकतो. वय लांबीवरून ठरवले की शेपटीकडच्या श्वासछिद्रांतल्या चिरा मोजून, हेही विचारा. दुसऱ्या अवस्थेत प्रत्येकी दोन आणि तिसऱ्या अवस्थेत तीन चिरा असतात, आणि त्या आकसल्याने बदलत नाहीत. मग देहाखालची माती खणून कोष शोधले होते का, ते विचारा. अनेक जातींच्या अळ्या खाणे संपवून दूर सरकतात आणि मातीत कोष करतात. हे रिकामे कोष सर्वांत जुना पुरावा असतात, आणि मी पाहिलेल्या अनेक पंचनाम्यांत त्यांचा उल्लेखही नव्हता. शेवटी देह शवागारात किती वाजता गेला ते विचारा. शीतकपाटातही मोठा घोळका काही तास गरम राहून वाढतो, आणि ते तास हिशेबात शून्य धरलेले मला आढळले आहेत.

शिरीष: शवागाराच्या नोंदी मी मागवतो. पण कोष शोधलेच नसतील तर तुमचे 'निदान' खरे राहते आणि 'जास्तीत जास्त' कोणालाच सांगता येत नाही. त्या परिस्थितीत तज्ज्ञाने एकच तारीख सांगणे मला अजूनही अयोग्य वाटते.

निशिकांत: एकच तारीख नको, दोन टोके सांगावीत. पण ती टोके किती रुंद असावीत, हे कोण ठरवणार?