आठवड्याचं प्रेमभविष्य: लिहिलंय, वाचलंय, फसलोय… अनुभव सांगा

माळा आवरताना जुना अंक सापडला. त्यातलं 'प्रेमभविष्य' माझं! टोपणनावाने दीड वर्ष लिहिलं. त्या आठवड्यात शुक्र कुठल्या राशीत आहे ते बघायचं. समजा सिंहेत, तर मेषेपासून मोजून पाचवं घर, म्हणजे प्रेमप्रकरण. कुंभेपासून सातवं, म्हणजे जोडीदार. एका शुक्रावर बाराही राशींचं भागायचं.

कसब पुढे होतं. 'नवरा' लिहिलं की निम्मे वाचक गळाले, म्हणून 'जवळची व्यक्ती'. एकदा छपाईत कन्या आणि तूळ यांचे मजकूर उलटसुलट झाले. तक्रार एकही नाही. उलट कन्येच्या एका बाईंचं पत्र आलं, "तुम्हाला कसं कळलं?" वाक्य होतं: 'मनातलं बोलायचं राहून गेलंय, समोरची व्यक्तीही वाट पाहतेय.' ते पत्र वाचून मला झोप लागली नव्हती.

तुमचे अनुभव लिहा.

कुकरची_शिट्टी: म्हणजे माझं लग्न तुमच्यामुळे ठरलं की काय 😂 भाजी करपतेय, नंतर येते

निवांत: सोपं आहे हो, गोड बोललं की कुणालाही पटतं.

जुना_मास्तर: निवांत, नुसतं गोड चालत नाही. 1948 मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं विश्लेषण' म्हणून एकच मजकूर दिला. वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. ते आपल्याला किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. त्यात 'तुम्ही स्वतःवर फार टीका करता' हेही होतं. वरच्या वाक्यातसुद्धा बघा, आधी टोचणी, मग आशा. 'राहून गेलंय' यात काय राहिलं ते वाचणाराच भरतो. भांडण झालेला माफी भरतो, एकटा असलेला होकार.

शततारका: पण तुम्ही सूर्यरास धरता की चंद्ररास? माझी चंद्ररास कुंभ, जन्मतारखेने कर्क. माझं लग्न कधी होईल?

धागाकर्ती: शततारका, मी फक्त लिहायचे गं, पत्रिका बघत नाही. अंकात जन्मतारखेवरूनच.

शततारका: मग मी इतकी वर्षं दोन्ही वाचून जे बरं असेल ते धरत होते 🙈

निवांत: हाहा, सगळेच तेच करतात.

रात्रपाळी: माझं अ‍ॅप रात्री साडेअकराला सांगतं, 'कुणीतरी तुमची आठवण काढतंय.' त्या वेळी जागा असलेला माणूस कुणाची तरी आठवण काढतच असतो ना! ब्रेकअपनंतर रोज उघडायचो. एकदा त्यावर विसंबून मेसेज केला. उत्तर आलं, 'कोण?' नंबर डिलीट केलेला तिने.

कुकरची_शिट्टी: अरेरे रात्रपाळी 🫂

जुना_मास्तर: जे जुळलं नाही ते आपण शनिवारपर्यंत विसरतो. तुझा 'कोण?' मात्र लक्षात राहिला.

निवांत: मास्तर, मग माझ्या बायकोला तिचं दर आठवड्याला कसं पटतं? दोघांची रास एकच, मला कधीच नाही पटलं.

कुकरची_शिट्टी: तुम्ही 'जवळची व्यक्ती' कोण धरता ते आधी सांगा 😜