नवरा माझ्यादेखत इतरांच्या रूपाचे कौतुक करतो, याचा अर्थ काय लावावा? (मदत हवी आहे)

पैठणीची_घडी: येत्या रविवारी पुन्हा एका लग्नाला जायचे आहे आणि त्याआधी मला काहीतरी ठरवायचे आहे, म्हणून उत्तरे जरा लवकर द्यावीत ही विनंती. माझा नवरा माझ्यादेखत, आणि बहुतेक वेळा चारचौघांत, इतरांच्या दिसण्याची मोकळेपणाने स्तुती करतो. मागच्या महिन्यात चुलत नणंदेच्या हळदीला तो माझ्या मामेसासूबाईंसमोर म्हणाला, "नवरीची मैत्रीण बघितलीस का? काय देखणी आहे!" मी हसले, पण त्यानंतर जेवण गेले नाही. या वागण्याचा नेमका अर्थ काय? बोलावे की सोडून द्यावे?

उंबरठा७१: लग्नाला किती वर्षे झाली, हे लिहिलेले नाही. तो हे सुरुवातीपासून करतो की अलीकडे करू लागला आहे? पूर्वीपासून करत असेल, तर आजच ते का खुपू लागले, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

सरळ_सांगतो: यात अर्थ लावण्यासारखे काय आहे? ज्याच्या मनात काळेबेरे असते तो बोलून दाखवत नाही, गुपचूप पाहतो. उघड बोलणारा माणूस निर्धोक असतो. माझी बायको एका नटावर गेली वीस वर्षे फिदा आहे आणि मी तिला त्याच्या चित्रपटांची तिकिटे स्वतः काढून देतो.

चिंचपेटी: पडद्यावरचा नट आणि मांडवात चार हातांवर उभी असलेली मुलगी, यांत तुम्हाला काहीच फरक दिसत नाही का? नट तुमच्या घरी जेवायला येणार नाही. शिवाय तुमच्या पत्नी तुमच्या नातेवाइकांसमोर ते बोलतात का, हेही तुम्ही सांगितलेले नाही.

सरळ_सांगतो: बोलते. सर्वांसमोर बोलते आणि आम्ही सगळे हसतो.

चिंचपेटी: धागाकर्तीही हसल्याच होत्या.

अभ्यासू_वाचक: याविषयी संशोधन झालेले आहे. देखण्या स्त्रियांची छायाचित्रे पाहिल्यानंतर पुरुषांना स्वतःची पत्नी कमी आकर्षक वाटते, हे 1989 साली सिद्ध झाले आहे. म्हणजे असे प्रत्येक कौतुक नात्याची झीज करते आणि ते ताबडतोब थांबवायला हवे.

दोन_खुर्च्या: मी बरीच वर्षे जोडप्यांचे समुपदेशन करते, म्हणून थोडी दुरुस्ती करते. 1989 चा तो प्रयोग केनरिक आणि सहकाऱ्यांचा. त्यात मासिकांतली नग्न छायाचित्रे दाखवली होती आणि तो अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून सांगितला गेला. मात्र 2017 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग अधिक लोकांवर पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. शिवाय तो प्रयोग पाहण्याविषयी होता, पत्नीच्या कानावर पडणाऱ्या वाक्याविषयी नव्हता. तेव्हा त्याच्या आधारे या गृहस्थांना दोषी ठरवता येणार नाही.

धागाकर्तीला माझे तीन प्रश्न आहेत. तो केवळ स्त्रियांविषयी बोलतो की पुरुषांविषयीही? बोलून झाल्यावर तो त्या व्यक्तीकडे पाहत राहतो, की तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो? आणि तुमच्या दिसण्याविषयी तो शेवटचे केव्हा बोलला होता?

गावकुसाबाहेर: ताई, आधी त्याच्या फोनमध्ये पाहा. माझ्या मेव्हण्याचेही असेच सुरू झाले होते.

पैठणीची_घडी: फोनचा प्रश्नच नाही, मला संशय नाही. लग्नाला सात वर्षे झाली, मुलगी अडीच वर्षांची आहे. बोलण्याची सवय त्याला पूर्वीपासून आहे आणि पूर्वी मीही त्याच्याबरोबर बोलायचे, कोणाची साडी कशी आहे वगैरे, हे खरे सांगते. पुरुषांविषयीही तो बोलतो. आमच्या दूधवाल्याच्या मिशांचे त्याला फार अप्रूप आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. तिसऱ्याचे उत्तर आठवायला वेळ लागला. बहुधा बाळंतपणाच्या आधी. त्यानंतर एकदाच, कोणा सहकारी बाईंचे केस पाहून, "तूही असे कापून बघ ना" असे म्हणाला होता.

आजोळची_विहीर: बाळंतपणानंतर केस गळत असतील तर माक्याचे तेल लावून पाहा. माझ्या सुनेला गुण आला.

उंबरठा७१: केसगळतीविषयी कोणी विचारलेले नाही, आजी. पण आता प्रश्न मला वेगळा दिसतो. धाग्याच्या शीर्षकात इतरांचे कौतुक आहे आणि तक्रार मात्र स्वतःविषयीच्या मौनाची आहे.

दोन_खुर्च्या: माझाही रोख तिकडेच होता. दूधवाल्याच्या मिशांपर्यंत ज्याची नजर जाते त्याला दिसण्याविषयी बोलण्याची खोडच असते, आणि अशा वाक्यातून ओढ सिद्ध होत नाही. मात्र केसांविषयीचे वाक्य निराळे आहे, कारण त्यात तुम्हाला तिच्या शेजारी उभे करून मोजले गेले. आणि बोलून झाल्यावर जो तुमचा चेहरा न्याहाळतो, त्याला चिडवण्यातली गंमत हवी असते. तो तिसरा प्रकार झाला. तिन्ही गोष्टी एकाच नावाने पुढे केल्यात, तर तो पहिलीचा बचाव करील आणि दुसरी तशीच राहील.

रविवारपर्यंत एवढेच करा. तो असे काही बोलला की कोणाविषयी, कोणासमोर आणि पुढचे वाक्य काय, हे वहीत लिहून ठेवा. त्याला जाब विचारायला ही वही वापरू नका, ती केवळ तुमच्यासाठी आहे. मांडवात किंवा परतीच्या गाडीत विषय काढू नका. जॉन गॉटमन यांच्या संशोधनात असे दिसले की भांडणाची पहिली तीन मिनिटे कशी जातात, यावरून पुढचा बराच अंदाज येतो. म्हणून "तू नेहमी" या शब्दांनी सुरुवात करू नका. हळदीचा एकच प्रसंग घ्या आणि आपल्याला काय हवे ते मागा.

सरळ_सांगतो: कौतुक मागून घ्यायचे असेल तर ते कौतुक कसले? मागितल्यावर मिळाले तरी ते खोटेच वाटणार.

चिंचपेटी: तुम्हाला तिकिटे न मागता मिळतात वाटते.

दोन_खुर्च्या: सरळ_सांगतो यांची शंका रास्त आहे. मागून मिळालेले पहिले कौतुक बहुतेकांना पोकळच वाटते. काही जोडप्यांत ते पुढे सवयीचे होते, काहींत होत नाही, आणि कोणाचे काय होईल हे मला आधी सांगता येत नाही.

पैठणीची_घडी: रविवार होऊन गेला, म्हणून लिहिते. सहा दिवसांत वहीत नऊ नोंदी झाल्या. पाच स्त्रियांच्या, तीन पुरुषांच्या आणि एक शेजाऱ्यांच्या मांजराची. एकदाही त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. तो बोलून मोकळा होतो आणि ताटाकडे वळतो. माझी नोंद एकही नाही. लग्नाला मी आईची जांभळी पैठणी नेसले होते, आणि निघताना त्याने निऱ्या खाली बसून सारख्या करून दिल्या, पण तोंडाने काही बोलला नाही.

सोमवारी मुलगी झोपल्यावर मी बोलले. हळदीचा प्रसंग सांगितला आणि म्हटले, "माझ्याबद्दल असं मोठ्यानं तू कधी म्हणालास ते मला आठवत नाही." तो खरोखर गोंधळला. त्याला वाटत होते की मला यात मजा येते, कारण मी हसायचे. मग म्हणाला, "तुझ्याबद्दल काय बोलायचं, तू तर घरचीच आहेस." यावर मी काही बोलले नाही.

आजोळची_विहीर: निऱ्या करून दिल्या ना? आमच्या ह्यांनी तर जन्मात निरीला हात लावला नाही.

उंबरठा७१: आणि केसांविषयीचे ते वाक्य? ते त्याला विचारलेत का?

पैठणीची_घडी: नाही. ते अजून राहिले आहे.